दोन फॉर्म १६ आणि मधली बेचाळीस हजारांची फट

जून संपत आला की सीएच्या ऑफिसात एक संवाद हमखास ऐकू येतो. समोर बसलेल्या माणसाने टेबलावर दोन फॉर्म १६ ठेवलेले असतात, एक जुन्या कंपनीचा, एक नव्या. दोन्हींवर टीडीएसचे आकडे आहेत, दोन्ही कंपन्यांनी दर महिन्याला पगारातून कर कापून सरकारजमा केलेला आहे. रिटर्न भरणं म्हणजे आता केवळ औपचारिकता, अशी त्याची समजूत असते. कॉम्प्युटरवर दोन्ही आकडे भरले जातात आणि पडद्यावर भरायच्या रकमेपुढे चाळीस-पंचेचाळीस हजार उमटतात. मग प्रश्न येतो, "दोघांनीही टॅक्स कापलाय ना? मग हा कसला राहिला?"

प्रश्न रास्त आहे. त्याने काही लपवलेलं नाही, कुठल्याही कंपनीने कर बुडवलेला नाही. तरीही बाकी निघते. ती का निघते आणि ती वर्ष संपण्याआधीच कशी ओळखता येते, हे नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. कारण इथे नुसता कर भरून भागत नाही, त्यावर व्याजही द्यावं लागतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. हिंजवडीतल्या एका कंपनीत एक इंजिनिअर महिना १ लाख ३० हजार रुपये पगारावर काम करतो आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६. जूनच्या शेवटच्या दिवशी तो ती नोकरी सोडतो आणि १ जुलैला खराडीतल्या दुसऱ्या कंपनीत महिना १ लाख ६० हजारांवर रुजू होतो. दोन्हीकडे त्याने नवी करप्रणाली ठेवली आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून व्याज, भाडं असं दुसरं काही उत्पन्न धरलेलं नाही.

नव्या प्रणालीत या वर्षासाठी कराच्या पायऱ्या अशा आहेत. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांच्या भागावर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, १६ ते २० लाखांवर २० टक्के. पुढे २४ लाखांपर्यंत २५ आणि त्यावर ३० टक्के. आलेल्या करावर ४ टक्के उपकर. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, मिळते. ही वजावट माणसामागे वर्षातून एकदाच आहे, नोकरीमागे एकदा नाही.

आता पहिल्या कंपनीच्या पगारविभागात काय घडतं ते पाहू. आयकर कायद्याच्या कलम १९२ नुसार मालकाने कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधायचा, त्यावरचा वर्षाचा कर काढायचा आणि तो दर महिन्याला सरासरी दराने कापत जायचा. एप्रिलमध्ये कंपनीला कुठे माहीत असतं की हा माणूस जूनमध्ये जाणार आहे? तिने बारा महिन्यांचा पगार धरला, १५ लाख ६० हजार. त्यातून ७५ हजार वजा केले, उरले १४ लाख ८५ हजार. त्यावरचा कर १ लाख २ हजार ७५० आणि उपकर धरून १ लाख ६ हजार ८६०. बाराने भागले की महिन्याला ८,९०५. तीन महिन्यांत कापले गेले २६,७१५ रुपये.

दुसरी कंपनी जुलैत हिशेबाला बसते. तिच्या दृष्टीने हा माणूस १ जुलैला जन्माला आला आहे. एप्रिल ते जूनमध्ये त्याने काय कमावलं हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि स्वतःहून शोधायची कायद्याची सक्तीही नाही. ती नऊ महिन्यांचा पगार धरते, १४ लाख ४० हजार. त्यातून पुन्हा ७५ हजार वजा करते, उरतात १३ लाख ६५ हजार. पहिले ४ लाख पुन्हा करमुक्त, पुढचे ४ लाख पुन्हा ५ टक्क्यांत. कर ८४,७५० आणि उपकरासह ८८,१४०. महिन्याला साधारण ९,७९३ रुपये.

इथे पगाराच्या स्लिपांकडे जरा जवळून पाहिलं तर एक खूण दिसते. पगार ३० हजारांनी वाढला, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. पण टीडीएस ८,९०५ वरून ९,७९३ वर आला, वाढ ९०० रुपयांचीही नाही. वाढलेला पगार वरच्या पायरीवर जाऊन बसतो. त्या ३० हजारांवर निदान १५ टक्क्यांनी साडेचार हजार कापले जायला हवे होते. पगार वाढूनही टीडीएस तिथल्या तिथे राहिला किंवा उलट कमी झाला, तर नव्या कंपनीच्या हिशेबात जुना पगार नाही असं खुशाल समजावं. पहिल्याच महिन्याच्या स्लिपवर हे कळतं, त्यासाठी पुढच्या जूनची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक जण मात्र खात्यात किती जमा झाले तेवढंच पाहतात.

मार्च संपला. आता आयकर विभागाचा हिशेब पाहू. त्याच्याकडे दोन नोकऱ्या असा प्रकार नाही, एकच माणूस आणि एकच वर्ष आहे. ३ लाख ९० हजार आणि १४ लाख ४० हजार मिळून १८ लाख ३० हजार. प्रमाणित वजावट एकदाच, ७५ हजार. करपात्र उत्पन्न १७ लाख ५५ हजार. पहिल्या चार पायऱ्या, म्हणजे १६ लाखांपर्यंत, १ लाख २० हजार कर होतो. उरलेल्या १ लाख ५५ हजारांवर २० टक्क्यांनी ३१ हजार. एकूण १ लाख ५१ हजार, उपकर धरून १ लाख ५७ हजार ४०.

दोन्ही कंपन्यांनी मिळून कापले होते १ लाख १४ हजार ८५५. फरक ४२ हजार १८५ रुपयांचा.

ही रक्कम नेमकी कुठून आली हे समजून घ्यायचं असेल तर पगाराचे दोन ढीग एकावर एक रचून पाहावेत. खाली दुसऱ्या कंपनीचा पगार ठेवा. तो १३ लाख ६५ हजारांपर्यंत पोचतो, त्यावर ८८,१४० कर आहे आणि तो पूर्ण कापला गेला आहे. आता त्यावर पहिल्या कंपनीचे ३ लाख ९० हजार ठेवा. ते शून्यापासून सुरू होत नाहीत, १३ लाख ६५ हजारांपासून सुरू होतात. त्यातले २ लाख ३५ हजार १५ टक्क्यांच्या पायरीवर बसतात आणि उरलेले १ लाख ५५ हजार २० टक्क्यांच्या. या ढिगावरचा खरा कर उपकरासह ६८,९०० रुपये होतो. पहिल्या कंपनीने त्यावर कापले होते २६,७१५. कारण तिच्या हिशेबात हा पगार वर्षाचा चौथा हिस्सा होता. करमुक्त पायरीचा आणि स्वस्त पायऱ्यांचा चौथा हिस्सा तिने त्याला दिला होता. दुसऱ्या कंपनीने त्याच पायऱ्या पुन्हा पूर्णच्या पूर्ण दिल्या. ६८,९०० मधून २६,७१५ गेले की उरतात तेच ४२,१८५.

म्हणून "कंपनीने कमी कापला" ही तक्रार इथे चालत नाही. दोन्ही कंपन्यांनी स्वतःपुरता हिशेब बरोबर केला आहे. चूक आहे ती दोन हिशेबांमध्ये दुवा नसण्यात, आणि हा दुवा कायद्याने कर्मचाऱ्याच्याच हाती दिला आहे.

त्या दुव्याचं नाव फॉर्म १२बी. कलम १९२ च्या दुसऱ्या पोटकलमात म्हटलं आहे की वर्षात एकापेक्षा जास्त मालकांकडे काम केलेला कर्मचारी आधीच्या मालकाकडून मिळालेल्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या मालकाला देऊ शकतो. देणं न देणं त्याच्या मर्जीवर आहे. पण एकदा दिला की नव्या मालकाची मर्जी उरत नाही, त्याला दोन्ही पगार एकत्र धरूनच कर कापावा लागतो. फॉर्ममध्ये आधीच्या मालकाचं नाव-पत्ता, त्याचा टॅन आणि पॅन, नोकरीचा काळ, पगार, भत्ते आणि सवलतींची किंमत, भविष्य निर्वाह निधीची कपात आणि कापलेला कर एवढं लिहायचं असतं. खाली सही कर्मचाऱ्याची, जुन्या कंपनीच्या सहीशिक्क्याची गरज नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पगाराच्या पोर्टलवर आता 'प्रीव्हियस एम्प्लॉयर इन्कम' असा रकानाच असतो, तो भरला की तेच काम होतं.

नावाच्या साधर्म्यामुळे इथे एक गोंधळ नेहमी होतो. नव्या कंपनीत रुजू होताना एचआर ज्या कागदांवर सह्या घेतं त्यात फॉर्म १२बीबी असतो. त्यात विमा, घरभाडं, गृहकर्जाचं व्याज अशा वजावटींचा दावा असतो. तो भरून दिला की "टॅक्सचा फॉर्म दिला" असं समाधान होतं. पण १२बीबीमध्ये जुन्या पगाराचा उल्लेखही नसतो. एक 'बी' जास्त असलेला फॉर्म दिला म्हणजे कमी 'बी'चा फॉर्म दिला असं होत नाही.

आपल्या इंजिनिअरने जुलैतच १२बी दिला असता तर? दुसऱ्या कंपनीने एकूण १ लाख ५७ हजार ४० मधून आधीचे २६,७१५ वजा केले असते आणि उरलेले १ लाख ३० हजार ३२५ नऊ महिन्यांत वाटले असते. महिन्याला सुमारे १४,४८०. म्हणजे हातात येणारा पगार दरमहा ४,६८७ रुपयांनी कमी झाला असता. कोणालाही ते आवडणार नाही. पण तो पैसा त्याचा नव्हताच. आज हातात आलेले ते ४,६८७ रुपये वर्षअखेरीला एकरकमी परत मागितले जाणार होते, तेही व्याजासह.

फॉर्म १२बी भरण्यासाठी आकडे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न. जुन्या कंपनीचा फॉर्म १६ तर पुढच्या जूनमध्ये मिळतो, १५ जून ही त्याची मुदत. फॉर्म २६एएसमध्येही कापलेला कर लगेच दिसत नाही. एप्रिल ते जून या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायला कंपनीला ३१ जुलैपर्यंत वेळ असतो, त्यानंतरच ती नोंद पोर्टलवर येते. त्यामुळे जुलैत नोकरी बदलणाऱ्याकडे दोनच आधार असतात: पगाराच्या स्लिपा आणि फुल अँड फायनल सेटलमेंटचा कागद. त्या सेटलमेंटबरोबर कराचा तक्ता, म्हणजे टॅक्स कॉम्प्युटेशन शीट, मागून घ्यावा. पोर्टलचा पासवर्ड बंद व्हायच्या आत सगळ्या स्लिपा उतरवून ठेवाव्यात. नोकरी सोडून दोन महिन्यांनी त्याच स्लिपांसाठी जुन्या ऑफिसला मेल लिहीत बसणारे लोक कमी नाहीत.

सेटलमेंटच्या कागदावर आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. काही कंपन्या शेवटच्या महिन्यात हिशेब नव्याने मांडतात. कर्मचारी जातो आहे हे आता ठाऊक असल्याने त्या बारा महिन्यांऐवजी प्रत्यक्ष दिलेला पगारच धरतात. आपल्या उदाहरणात तो ३ लाख ९० हजार, म्हणजे करमुक्त मर्यादेच्याही आत. अशा वेळी शेवटच्या महिन्यात टीडीएस शून्य होतो आणि कर्मचाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात. ते वाचलेले पैसे नाहीत. मार्चमधली फट तेवढ्याने रुंदावते.

ही झाली दोघांनीही कर कापल्याची गोष्ट. २०२५-२६ पासून त्याहून मोठा धक्का बसतो तो मधल्या पगाराच्या माणसाला, कारण त्याच्या बाबतीत दोन्ही कंपन्या एक रुपयाही कापत नाहीत.

नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सवलत मिळते आणि कर शून्य होतो. पगारदाराच्या ७५ हजारांच्या वजावटीसह ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांपर्यंत जाते. "पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य आता घराघरांत माहीत आहे. समजा, नाशिकमधली एक बाई महिना ९० हजारांवर काम करते. पहिल्या कंपनीचा अंदाज वर्षाला १० लाख ८० हजार, मर्यादेच्या आत, टीडीएस शून्य. सप्टेंबरअखेर ती नोकरी बदलते आणि महिना १ लाख ४० हजारांवर रुजू होते. दुसरी कंपनी सहा महिन्यांचे ८ लाख ४० हजार धरते, तेही मर्यादेच्या आत, टीडीएस पुन्हा शून्य. दोन फॉर्म १६ आणि दोन्हींवर कापलेला कर शून्य.

पण तिची वर्षाची कमाई ५ लाख ४० हजार अधिक ८ लाख ४० हजार, म्हणजे १३ लाख ८० हजार. वजावट जाऊन १३ लाख ५ हजार. मर्यादा ओलांडली की सवलत संपते आणि कर पहिल्या पायरीपासून मोजला जातो: २० हजार, ४० हजार आणि वरच्या १ लाख ५ हजारांवर १५ टक्क्यांनी १५,७५०. मिळून ७५,७५०, उपकरासह ७८,७८० रुपये. मर्यादेच्या अगदी काठावर असणाऱ्याला थोडा दिलासा देणारी तरतूद आहे, पण १ लाख ५ हजारांनी पुढे गेलेल्याला ती लागू पडत नाही. वर्षभर एकाही स्लिपवर टीडीएसचा रकाना भरलेला नाही आणि जुलैत ७८ हजारांचं देणं समोर उभं राहतं. त्या रकमेचा तोवर घराचा हप्ता, शाळेची फी किंवा सोन्याची चेन झालेली असते. ज्यांना आपण कर भरायच्या पट्ट्यात आहोत हेच ठाऊक नसतं, त्यांच्यावर हे ओझं सर्वांत जड पडतं. सवलतीची मर्यादा १२ लाखांवर नेताना ही बाजू पगारदारांपर्यंत पुरेशी पोचवली गेली नाही, असं म्हणावंच लागेल.

आता व्याजाकडे वळू. पगारदाराला वाटतं, आगाऊ कर म्हणजे ॲडव्हान्स टॅक्स हा दुकानदारांचा आणि डॉक्टरांचा विषय. नियम तसं म्हणत नाही. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त राहत असेल तर कोणालाही आगाऊ कर भरावा लागतो. त्याचे चार हप्ते ठरलेले आहेत. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण १०० टक्के. न भरल्यास दोन वेगवेगळी व्याजं लागतात. हप्ते चुकल्याचं कलम २३४सी खाली आणि वर्ष संपेपर्यंत ९० टक्केही भरला नसेल तर त्याचं कलम २३४बी खाली. दोन्हींचा दर महिन्याला १ टक्का.

आपल्या इंजिनिअरने ४२,१८५ पैकी मार्चपर्यंत काहीच भरलेलं नाही. पहिल्या तीन हप्त्यांच्या तुटीवर तीन-तीन महिन्यांचं आणि शेवटच्या हप्त्यावर एका महिन्याचं व्याज लागतं. तुटीची रक्कम खालच्या शंभरात धरायची. चारही हप्त्यांचं मिळून ते होतं १८९, ५६७, ९४८ आणि ४२१, म्हणजे २,१२५ रुपये. शिवाय १ एप्रिलपासून २३४बीचं व्याज सुरू. जुलैत भरलं तर चार महिने, १,६८४ रुपये. दोन्ही मिळून ३,८०९. नाशिकच्या बाईंचा हाच हिशेब ७,१२१ रुपयांवर जातो. गंमत नाही, तर खरंच खटकणारी गोष्ट अशी की इंजिनिअरने नोकरी बदलली ३० जूनला, आणि व्याज मोजलं जातं १५ जूनच्या हप्त्यापासून. नोकरी बदलल्याची वेगळी सूट कायद्यात नाही.

पण हेच व्याज कमी करायचा रस्ता उघडा आहे. डिसेंबरच्या दहा तारखेला त्याने दोन स्लिपा शेजारी ठेवून हिशेब केला असता आणि ४२,१८५ रुपये तेव्हाच भरले असते, तर व्याज फक्त पहिल्या दोन हप्त्यांचं लागलं असतं, ७५६ रुपये. १५ मार्चपर्यंत भरले असते तर १,७०४. दोन्ही वेळा २३४बीचं व्याज शून्य. १५ मार्च चुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ करच समजली जाते आणि एप्रिलपासूनचं व्याज टळतं. आयकर विभागाच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स' मध्ये जाऊन नेट बँकिंगने किंवा यूपीआयने हे काम दहा मिनिटांत होतं. फक्त चलनावर प्रकार नीट निवडावा लागतो. वर्ष चालू असताना भरताना आगाऊ कराचा कोड १००, वर्ष संपल्यावर स्वतः हिशेब करून भरताना कोड ३००. आकारणी वर्षही तपासावं. २०२५-२६ च्या कमाईसाठी ते २०२६-२७ असतं, आणि इथली चूक दुरुस्त करायला बराच वेळ जातो.

हा दुसरा रस्ता एका कारणासाठी विशेष महत्त्वाचा आहे. नव्या ऑफिसात आपला जुना पगार कळू नये असं अनेकांना वाटतं. पगाराची बोलणी होताना काही गोष्टी मोघम ठेवलेल्या असतात, किंवा ती माहिती द्यायला मन तयार नसतं एवढंच. १२बी देण्याची सक्ती नाही ती अशा माणसाच्या सोयीचीच आहे. पण मग ही जबाबदारी त्याने स्वतः उचलायची असते. पगारविभागाला सांगायचं नसेल तर सरकारला हप्त्याने सांगा, एवढाच पर्याय उरतो.

जुनी करप्रणाली निवडलेल्यांच्या बाबतीत ही फट आणखी वाढते. तिथे ८०सी खाली दीड लाखापर्यंत वजावट आहे. एकाच विमा पॉलिसीची आणि त्याच पीपीएफची पावती दोन्ही कंपन्यांना दिली जाते, दोघीही ती मान्य करतात. दीड लाखाची वजावट कागदावर तीन लाखांची होते. रिटर्नमध्ये मात्र ती एकदाच मिळते. कधी पहिल्या कंपनीकडे जुनी प्रणाली आणि दुसरीकडे नवी असंही घडतं. रिटर्न भरताना दोन्हीपैकी एकच निवडता येते आणि ती सगळ्या वर्षाला लागू होते. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ही निवड दरवर्षी नव्याने करता येते, फक्त रिटर्न मुदतीत भरलेलं असायला हवं.

रिटर्न भरतानाही दोन चुका वारंवार होतात. पहिली, फक्त नव्या कंपनीचा फॉर्म १६ घेऊन रिटर्न भरणं. जुन्या तीन महिन्यांचं काय एवढं, असं वाटतं. पण २६एएस आणि वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, यांत दोन्ही मालकांचे टॅन आणि पगाराच्या नोंदी असतात. पगार लपला तर तफावत दिसते आणि विभागाकडून सूचना येते. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड त्या भागावरच्या कराच्या ५० टक्के असू शकतो. त्यापुढे ३,८०९ रुपयांचं व्याज काहीच नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी आहे आणि ती होते १२बी दिलेल्या जागरूक माणसाकडून. अशा वेळी नव्या कंपनीच्या फॉर्म १६ च्या भाग बीमध्ये इतर मालकांकडून मिळालेल्या पगाराची वेगळी ओळ असते आणि तो पगार तिथे आधीच मिळवलेला असतो. भाग एमध्ये मात्र त्या कंपनीने स्वतः कापलेलाच कर दिसतो. हे लक्षात न घेता कोणी जुना फॉर्म १६ वेगळा जोडला तर ३ लाख ९० हजार दोनदा मोजले जातात आणि कर विनाकारण वाढतो. म्हणून आधी ती ओळ पाहावी. पोर्टलवर आधीच भरून आलेल्या रिटर्नमध्येही प्रमाणित वजावट एकदाच धरली आहे ना आणि दोन्ही मालकांचा टीडीएस आला आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावं.

फट नेहमी कर वाढवणारीच असते असंही नाही. सप्टेंबरमध्ये नोकरी सुटली आणि मार्चपर्यंत दुसरी मिळालीच नाही, तर उलटं होतं. पहिल्या कंपनीने वर्षभराच्या पगाराचा अंदाज धरून कापलेला कर प्रत्यक्ष सहा महिन्यांच्या कमाईवरच्या करापेक्षा जास्त निघतो. तो पैसा परत मिळतो, पण रिटर्न भरलं तरच. नोकरी गेलेल्या वर्षात रिटर्न भरायचं राहून जातं आणि हक्काचा परतावा पडून राहतो, हेही पाहायला मिळतं.

१ एप्रिल २०२६ पासून देशात आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. पगारावरच्या टीडीएसचं १९२ वं कलम त्यात ३९२ झालं आहे आणि फॉर्मचे क्रमांकही बदलले आहेत. २०२५-२६ च्या कमाईचा हिशेब मात्र १९६१ च्याच कायद्याने होईल, म्हणून इथे जुनेच क्रमांक दिले आहेत. पुढच्या वर्षी नोकरी बदलणाऱ्यांनी पगारविभागाकडे क्रमांक न सांगता 'आधीच्या मालकाकडच्या पगाराचा तपशील देण्याचा फॉर्म' म्हणून मागणी केली तरी चालेल.

चालू वर्षात नोकरी बदलली असेल तर जुन्या कंपनीची शेवटची स्लिप आणि नव्या कंपनीची पहिली स्लिप आजच काढून शेजारी ठेवा. पगार वाढला आहे आणि टीडीएस तेवढाच किंवा कमी आहे असं दिसलं, तर पगारविभागाला लगेच मेल पाठवा. ते शक्य नसेल तर दोन्ही पगार एकत्र करून कर काढा आणि फरक १५ मार्चच्या आत भरा.